एका घराचे पासवर्ड, सहा जणांच्या हाती

भाचीला रविवारी प्राइम व्हिडिओवर सिनेमा बघायचा असतो. मामाकडे प्राइम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी जातात: वर मोबाइल नंबर, खाली पासवर्ड. भाची सिनेमा बघते, मामा विसरून जातो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पण मामाने दिलेला पासवर्ड सिनेमाचा नव्हताच. प्राइम व्हिडिओला वेगळा पासवर्ड नसतो, तो अ‍ॅमेझॉनच्या दुकानाचाच असतो. त्या दोन ओळींच्या जोरावर मामाच्या आजवरच्या सगळ्या ऑर्डरी दिसतात, घरातल्यांचे पत्ते आणि फोन नंबर दिसतात, कॅश ऑन डिलिव्हरीने काहीही मागवता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर स्वतःकडे साठवता येत नाही, हे खरं आणि चांगलं. पण बाकीचा पसारा उघडाच राहतो.

भाची अर्थातच चोर नाही. अडचण ही की व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला पासवर्ड तिथेच राहतो. तिच्या फोनमध्ये, तिच्या जुन्या फोनमध्ये आणि चॅटच्या बॅकअपमध्येही. हा बॅकअप कूटबद्ध करायची सोय व्हॉट्सअ‍ॅपने दिलेली आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते आणि बहुतेकांनी ती केलेली नसते. शिवाय तोच पासवर्ड, शेवटचा आकडा बदलून, आणखी सहा ठिकाणी वापरलेला असतो.

ही दुसरी सवय जास्त महागात पडते. बिगबास्केट या किराणा पोहोचवणाऱ्या कंपनीचा दोन कोटींहून अधिक ग्राहकांचा डेटा २०२० मध्ये चोरीला गेला आणि पुढच्या वर्षी तो इंटरनेटवर उघड फिरू लागला. त्यात ईमेल होते, पत्ते होते आणि पासवर्डांची कूट रूपंही होती. त्याआधी २०१७ मध्ये झोमॅटोच्या एक कोटी सत्तर लाख ग्राहकांच्या नोंदी अशाच गेल्या होत्या. सोपा पासवर्ड असला तर कूट रूपावरून मूळ पासवर्ड ओळखणं अवघड नसतं. एकदा तो सापडला की चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी इतर शेकडो साइटवर यंत्राकरवी लावून बघतात. भाजी मागवण्यासाठी ठेवलेला पासवर्ड असा थेट ईमेलच्या दारापर्यंत पोहोचतो.

प्रत्येक साइटला वेगळा, लांबलचक, डोक्यात न राहणारा पासवर्ड ठेवणं हाच यावरचा उपाय, आणि तो लक्षात ठेवायचं काम पासवर्ड मॅनेजर नावाच्या सॉफ्टवेअरवर सोपवायचं. ते सगळे पासवर्ड एका कूटबद्ध तिजोरीत ठेवतं. तिजोरी उघडायला एकच मास्टर पासवर्ड लागतो आणि योग्य साइटवर योग्य पासवर्ड सॉफ्टवेअरच भरतं. एकट्या माणसासाठी यातलं कुठलंही बरं सॉफ्टवेअर चालतं. प्रश्न कुटुंबाचा आहे. कुटुंबाला पासवर्ड ठेवायचे असतात तसे वाटायचेही असतात. कुणी विसरतं, कुणी फोन बदलतं, कुणी घर सोडून जातं, कुणी जगातून जातं. जाहिरातींतले तक्ते कूटलेखनाच्या बिटांची तुलना करतात. घरासाठी तीन साधे प्रश्न त्याहून जास्त कामाचे आहेत. वाटलेला पासवर्ड एकाने बदलला तर दुसऱ्याकडे तो आपोआप बदलतो का? मास्टर पासवर्ड विसरला तर पुढे काय? आणि घरातल्या सगळ्या फोनांवर हे चालतं का?

तुलना हवेत राहू नये म्हणून एक नमुन्याचं घर घेऊ. साताऱ्यात आजी-आजोबा, दोघांकडे साधे अँड्रॉइड फोन. पुण्यात कोथरूडला त्यांचा मुलगा आणि सून. मुलाकडे अँड्रॉइड, सुनेकडे आयफोन. नातू नववीत, त्याच्याकडे टॅब. नात बंगळुरूला नोकरीला, अँड्रॉइड फोन आणि विंडोजचा लॅपटॉप. एकूण सहा माणसं. सामाईक काय? पुणे आणि सातारा दोन्हीकडची महावितरणची वीज, पाइपचा गॅस, मालमत्ता कर, ब्रॉडबँड आणि वायफाय, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, जिओहॉटस्टार, आणि किराणा-कपड्यांची तीन-चार दुकानं.

सुनेचा पहिला विचार साहजिकच अ‍ॅपलचा. आयफोनमध्ये २०२३ पासून, म्हणजे आयओएस १७ पासून, पासवर्डांचे सामाईक गट करता येतात आणि २०२४ मध्ये त्यासाठी ‘पासवर्ड्स’ नावाचं स्वतंत्र अ‍ॅपही आलं. गटातल्या एकाने पासवर्ड बदलला की सगळ्यांकडे बदलतो, पैसे लागत नाहीत, वापर इतका सोपा की शिकवावं लागत नाही. सगळं घर आयफोनवाल्यांचं असेल तर पुढचा लेख वाचायचीही फारशी गरज नाही. पण या घरात आयफोन एकच आहे आणि अँड्रॉइडसाठी अ‍ॅपलने हे अ‍ॅप काढलेलं नाही. विषय तिथेच संपतो.

मग गूगल. गूगल पासवर्ड मॅनेजर अँड्रॉइड फोनात आधीपासून असतं. आजोबांचे अर्धे पासवर्ड त्यांच्या नकळत त्यात साठलेलेही असतात. आयफोनवर ते क्रोममार्फत चालतं. गूगलचा फॅमिली ग्रुप सहा जणांचा असतो आणि २०२४ पासून त्या ग्रुपमध्ये पासवर्ड पाठवता येतो. पैसे शून्य. या घराला हे अगदी मापात बसतंय असं वाटतं.

खोच ‘पाठवता येतो’ या शब्दांत आहे. गूगल पासवर्डाची प्रत पाठवतं. प्रत एकदा गेली की मूळ पासवर्डाशी तिचा संबंध उरत नाही. समजा सुनेने साताऱ्याच्या वीजजोडणीचा पासवर्ड आजोबांना पाठवला. जूनमध्ये तिने तो बदलला. जुलैत आजोबा बिल बघायला गेले, फोनने जुना पासवर्ड भरला, महावितरणने नाकारला. आजोबांनी दोनदा-तीनदा प्रयत्न केला आणि ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर गेला, त्याने फोनवरून सांगितला, आजोबांनी नवा पासवर्ड ठेवला. आता सुनेचा चुकीचा. दोन माणसांत आणि चार पासवर्डांत हे निभावतं. सहा माणसांत आणि पंधरा पासवर्डांत कुणाची प्रत ताजी हे कळेनासं होतं, आणि मग सगळे पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर येतात.

गूगलची दुसरी बाजू अशी की या तिजोरीला वेगळा मास्टर पासवर्ड नाही; फोनचा स्क्रीन लॉक हीच किल्ली. आजोबांचा चार आकडी पिन नातवाला, शेजाऱ्यांना आणि मोबाइल दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक असतो. ज्या घरात हा पिन खरोखर खाजगी असतो तिथे गूगलचं मॅनेजर वाईट नाही. एकट्या राहणाऱ्या, एकच अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या माणसाला तर दुसरं काही सुचवूही नये.

पैसे देऊन घेण्याच्या सेवांमध्ये या घरासाठी खरी निवड दोघांत होते: कॅनडातली वनपासवर्ड आणि अमेरिकेतली बिटवॉर्डन. डॅशलेनही आहे. कीपास हे फुकट आणि जुनं, २००३ पासूनचं सॉफ्टवेअरही आहे, पण त्यात तिजोरी म्हणजे एक फाइल असते आणि ती सगळ्यांच्या फोनांत ताजी ठेवायचं काम घरच्यांनाच करावं लागतं. दोघांनी एकाच वेळी बदल केले की दोन फाइली तयार होतात. हौशी माणसाने स्वतःसाठी जरूर वापरावं, आजींच्या फोनात मात्र घालू नये.

वनपासवर्डच्या कौटुंबिक योजनेत पाच माणसं बसतात, म्हणजे या घरात एक जास्त. वर्षाचे साठ-सत्तर डॉलर, रुपयांत पाच-सहा हजारांच्या घरात. बिटवॉर्डनच्या योजनेत सहा माणसं आणि खर्च वर्षाला चाळीस-पन्नास डॉलर, साधारण चार हजार रुपये. दोन्हींचे दर बदलत असतात, घेताना बघून घ्यावेत. बिटवॉर्डन दोनच माणसांसाठी फुकटातही वाटपाची सोय देतं. नवरा-बायकोला तेवढं पुरू शकतं. दोन्हीकडे वाटप जिवंत असतं: एकाने बदललं की सगळ्यांकडे बदलतं. दोन्ही अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोजवर सारखी चालतात. मग फरक कुठे? विसरण्यात.

वनपासवर्डमध्ये कुटुंबातला एक किंवा अधिक जण ‘ऑर्गनायझर’ असतात. आजोबा मास्टर पासवर्ड विसरले तर सून आपल्या खात्यातून त्यांचं खातं पुन्हा उघडून देऊ शकते आणि त्यांचे खाजगी पासवर्डही जात नाहीत. त्यासाठी तिला ते दिसतही नाहीत. विसराळू माणसांच्या घरात या एका सोयीसाठी जास्तीचे पैसे वसूल आहेत. बिटवॉर्डनच्या कौटुंबिक योजनेत ही सोय नाही. ती मोठ्या कंपन्यांच्या योजनेत आहे. तिथे आजोबा मास्टर पासवर्ड विसरले तर त्यांचं खातं पुसून त्याच ईमेलवर नवं काढावं लागतं. त्यांच्या खाजगी कप्प्यातलं सगळं जातं. सामाईक कप्प्यांतलं मात्र शाबूत असतं, कारण ते आजोबांचं नसून कुटुंबाच्या खात्याचं असतं. त्यांना पुन्हा आत घेतलं की ते पुन्हा दिसतं. यातून व्यवहारी धडा हा की आजी-आजोबांचं सगळं सामाईक कप्प्यांतच ठेवावं. मग विसरले तरी दहा मिनिटांचं काम.

दुसरा फरक समजायला २०२२ सालची एक घटना माहीत असावी लागते. लास्टपास ही तेव्हाची सगळ्यांत गाजलेली सेवा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये चोर तिच्या यंत्रणेत शिरले आणि डिसेंबरात कंपनीने कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या आहेत. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, पण कुणाचं खातं कोणत्या साइटवर आहे ते पत्ते उघडे होते. म्हणजे कोणती तिजोरी फोडण्याजोगी, हे चोराला बाहेरूनच कळत होतं. मास्टर पासवर्डापासून किल्ली घडवताना हे सॉफ्टवेअर तीच गणिती क्रिया लाखो वेळा करतं, म्हणजे अंदाज लावणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला तितकाच वेळ मोजावा लागतो. लास्टपासच्या काही जुन्या ग्राहकांच्या खात्यात ही संख्या पाच हजारांवर, क्वचित त्याहूनही खाली राहून गेली होती. बिटवॉर्डनमध्ये नव्या खात्याला ती आता सहा लाख असते. तरीही मास्टर पासवर्ड ‘मोरया१२३’ असेल तर सहा लाखही तोकडे पडतात, कारण चोराला तिजोरी घरी नेऊन निवांत प्रयत्न करता येतात.

वनपासवर्डने यावर वेगळा तोडगा काढला आहे. मास्टर पासवर्डासोबत प्रत्येक खात्याला ३४ अक्षरांची एक ‘सिक्रेट की’ असते. ती ग्राहकाच्या उपकरणातच तयार होते, कंपनीकडे जात नाही. कंपनीचं कोठार लुटलं तरी चोराच्या हाती अर्धीच किल्ली लागते आणि आजोबांचा मास्टर पासवर्ड किरकोळ असला तरी त्याचं फावत नाही. याची किंमत नव्या फोनावर मोजावी लागते. तिथे ती ३४ अक्षरं भरावी लागतात किंवा जुन्या उपकरणावरचा कोड स्कॅन करावा लागतो. म्हणून कंपनी ‘इमर्जन्सी किट’ नावाचा एक कागद छापून घ्यायला सांगते. तो कागद गोदरेजच्या कपाटात दागिन्यांशेजारी ठेवावा. पासवर्ड कागदावर लिहूच नये हा उपदेश आता जुना झाला. कपाटातला कागद रशियातल्या चोराला दिसत नाही.

तर या घराने काय घ्यावं? पाच माणसं असती तर वनपासवर्ड. सहा आहेत, नातीला तांत्रिक गोष्टींचा कंटाळा नाही, खर्चही थोडा कमी, म्हणून बिटवॉर्डन. कंपनी आपली आज्ञावली सगळ्यांना वाचायला खुली ठेवते, हेही तिच्या बाजूचं.

काम नातीने करावं आणि एका रविवारी करावं. आधी प्रत्येकाचं स्वतःचं खातं. सहा जणांत एक खातं वापरण्याचा मोह होतो, पण मग कुणी काय बदललं ते कळत नाही आणि एकाला वगळायचं तर सगळ्यांची किल्ली बदलावी लागते. मास्टर पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा, रोमन लिपीत, कारण काही कीबोर्डांवर देवनागरी ऐन वेळी दगा देते: `kandil-supari-vihir-boka-49` या धर्तीचा. हाच नव्हे, तो आता छापून आला. शब्द मनाने निवडले तर सगळे गणपती-विठ्ठल-तुळजाभवानी निवडतात. म्हणून जुनं पुस्तक डोळे मिटून उघडून बोट ठेवावं, तो शब्द घ्यावा. आजी-आजोबांचे मास्टर पासवर्ड कागदावर लिहून साताऱ्याच्या कपाटात.

मग नातीने कुटुंबाचं खातं उघडून बाकीच्यांना ईमेलने आमंत्रण धाडायचं. इथे बहुतेक घरं अडतात. आमंत्रण जातं, आजोबा स्वीकारतात आणि त्यांना काहीच दिसत नाही. तिजोरी रिकामी. मंडळी समजतात की सॉफ्टवेअर बिघडलं. खरं तर तिसरी पायरी उरलेली असते: नातीने आपल्या खात्यात जाऊन सदस्यांच्या यादीत आजोबांच्या नावापुढे `Confirm` दाबायचं. ही पायरी विनाकारण नाही. सामाईक कप्प्याची किल्ली कंपनीकडे नसते, ती फक्त सदस्यांच्या उपकरणांत असते. त्यामुळे ती आजोबांना द्यायची तर आधीपासून आत असलेल्या कुणाच्या तरी उपकरणानेच ती द्यावी लागते. `Confirm` दाबण्याच्या क्षणी नेमकं हेच होतं.

मग कप्पे, त्यांना बिटवॉर्डन ‘कलेक्शन’ म्हणतं. या घराला तीन पुरे. ‘घर’मध्ये वीज, गॅस, मालमत्ता कर, ब्रॉडबँड, तो मोठ्या पाचही जणांना. ‘करमणूक’मध्ये नेटफ्लिक्स आणि तत्सम, सगळ्यांना. ‘खरेदी’मध्ये अ‍ॅमेझॉन आणि दुकानं, मुलगा, सून आणि नातीलाच. नातवाला आणि आजी-आजोबांना ‘करमणूक’ फक्त बघता येईल, बदलता येणार नाही, असा अधिकार द्यावा. पासवर्ड न दाखवता फक्त भरू देणारा एक अधिकारही आहे, पण त्यावर विसंबू नये. जो पासवर्ड पानावर भरला जातो तो थोडी खटपट करून वाचता येतो, आणि नववीतल्या मुलाला तेवढी खटपट जमते.

अ‍ॅमेझॉन खरेदीच्या कप्प्यात गेलं, मग आजींनी साताऱ्याच्या टीव्हीवर प्राइम कसं बघायचं? त्यासाठी पासवर्ड लागतच नाही. टीव्हीवरचं अ‍ॅप एक छोटा कोड दाखवतं. आजींनी तो फोनवर वाचून दाखवायचा, सुनेने तो `primevideo.com/mytv` या पानावर भरायचा, टीव्ही सुरू. नेटफ्लिक्सची अशीच सोय `netflix.com/tv8` वर आहे. रिमोटने वीस अक्षरांचा पासवर्ड टाइप करायचा जाच वाचतो, शिवाय सगळ्यांत सुरक्षित वाटप म्हणजे जे करावंच लागत नाही ते. हेच बिलाचं. महावितरणचं बिल बारा आकडी ग्राहक क्रमांकावर कुठल्याही पेमेंट अ‍ॅपमधून भरता येतं, पोर्टलचा पासवर्ड कुणालाही न देता. तेव्हा तिजोरीत पासवर्ड भरण्याआधी प्रत्येकाबाबत विचारावं, हा वाटायची खरोखर गरज आहे का? पंधराचे नऊ-दहा होतात.

आणि नेटफ्लिक्स साताऱ्याला पोहोचेलच असंही नाही. जुलै २०२३ पासून कंपनीने भारतातही एक खातं एका घरापुरतं केलं आहे. पुण्याचं खातं साताऱ्याच्या टीव्हीवर लावलं तर ते दुसरं घर म्हणून अडवू शकतं. ही अडचण पासवर्डाची नाही, नियमाची आहे; मॅनेजर बदलून ती सुटत नाही.

जुने पासवर्ड क्रोममधून एका फाइलीत काढून बिटवॉर्डनमध्ये घेता येतात. ती फाइल साधी असते, कूटबद्ध नसते, वर्ड-एक्सेलमध्ये उघडते. काम झालं की ती डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसायची. त्यानंतर सातही उपकरणांत क्रोमचं पासवर्ड साठवणं बंद करायचं. हे राहिलं तर दोन मॅनेजर एकाच चौकटीवर पासवर्ड सुचवत राहतात, क्रोम जुना आणि बिटवॉर्डन नवा. आजोबा नेमका जुना निवडतात. ‘नवं ते चालत नाही’ ही तक्रार पहिल्या महिन्यात आली की आधी हेच तपासावं.

एक गाठ आणखी आहे, आणि ती चांगल्या जाणत्यांनाही पडते. ज्या खात्यावर दुहेरी पडताळणी लावलेली नाही, ते अनोळखी उपकरणावर उघडताना बिटवॉर्डन २०२५ पासून ईमेलवर एक कोड पाठवतं. आता ईमेलचा पासवर्ड बिटवॉर्डनमध्येच असेल आणि फोन हरवला असेल तर? तिजोरी उघडायला ईमेल हवी, ईमेल उघडायला तिजोरी. म्हणून ईमेलचा पासवर्ड कपाटातल्या त्याच कागदावर असावा. दुहेरी पडताळणी लावली असेल तर तिचा रिकव्हरी कोडही त्याच कागदावर.

भारतीय घराची खरी डोकेदुखी मात्र पासवर्ड नाही, ओटीपी आहे. जिओहॉटस्टारला पासवर्डच नाही, मोबाइल नंबर आणि ओटीपी. गॅस, वीज, किराणा, जिथे तिथे ओटीपी एका माणसाच्या फोनवर जातो आणि तो माणूस मीटिंगमध्ये असतो. एसएमएसने येणारा ओटीपी कुठलाही मॅनेजर वाटू शकत नाही. पण काही साइट एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा सहा आकडी कोड चालवून घेतात, अ‍ॅमेझॉन त्यातलीच. तिथे दुहेरी पडताळणी लावताना दाखवलेला कोड बिटवॉर्डनमधल्या सामाईक नोंदीत स्कॅन करून ठेवला की दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा ‘खरेदी’ कप्प्यातल्या तिघांनाही दिसतो. मुलगा विमानात असला तरी सून ऑर्डर रद्द करू शकते. पासवर्ड आणि कोड एकाच तिजोरीत ठेवल्याने दुहेरीपणा थोडा पातळ होतो, हा आक्षेप खरा आहे. अ‍ॅमेझॉनसाठी तो चालवून घ्यावा. बँकेसाठी नाही, बँकेचे पासवर्ड आणि यूपीआयचे पिन सामाईक कप्प्यात घालायचेच नसतात. ज्या सेवा फक्त एसएमएसवर चालतात त्यांच्या नोंदीत एवढंच लिहून ठेवावं की ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो. एवढ्यानेही निम्मे फोन वाचतात.

मॅनेजरचा एक फायदा जाहिरातीत क्वचित सांगतात. तो पत्ता पाहून पासवर्ड भरतो. महावितरणच्या साइटसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट उघडली तर माणसाचा डोळा फसतो, पण मॅनेजर गप्प बसतो, कारण पत्ता जुळत नाही. म्हणून नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही तर तो हाताने उतरवून भरायच्या आधी वरचा पत्ता वाचावा. आजोबांना एवढी एकच गोष्ट पक्की शिकवली तरी पुरे. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ या मेसेजपासून मात्र हे वाचवत नाही. तिथे भामटा पासवर्ड मागत नाही, फोनचा ताबा देणारं अ‍ॅप घ्यायला लावतो.

आता जाण्याचा विषय, जो घराघरांत टाळला जातो. अ‍ॅपलमध्ये आपल्या मागे खातं कुणी बघावं त्याची नेमणूक करता येते, पण त्या वारसाला साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. अ‍ॅपलने ते मुद्दाम वगळले आहेत. बिटवॉर्डनमध्ये ‘इमर्जन्सी अ‍ॅक्सेस’ आहे. मुलाने सुनेचं नाव द्यायचं आणि मुदत ठरवायची, एक दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत. सुनेने मागणी केली आणि मुदतीत मुलाने नकार दिला नाही, तर तिजोरी तिला उघडते. इथेही आमंत्रण, स्वीकार आणि `Confirm` अशा तीन पायऱ्या असतात आणि इथेही तिसरी राहून जाते. सामाईक कप्प्यात ते लगेच लक्षात येतं, कारण तिजोरी रिकामी दिसते. इथे ते लक्षात येतं तेव्हा `Confirm` दाबणारा उरलेला नसतो. म्हणून ज्या दिवशी नेमणूक केली त्याच दिवशी सुनेने एकदा मागणी करून बघावी आणि मुलाने ती नाकारून बघावी. कुटुंबाच्या खात्याचे ‘ओनर’ही दोन असावेत, नात आणि सून. एकट्या नातीच्या हाती सगळं असेल आणि तीच मास्टर पासवर्ड विसरली तर सहा जणांची घडी बसवणारं कुणी राहत नाही.

उद्या नातीचं लग्न होऊन तिचं वेगळं घर झालं की तिला या खात्यातून काढायची वेळ येईल. आधी ओनरपद मुलाच्या नावे करायचं, मग तिला वगळायचं. तिचे खाजगी पासवर्ड तिच्याकडेच राहतात, सामाईक कप्पे तिच्या फोनवरून नाहीसे होतात. पण जे तिने पाहिले किंवा लॅपटॉपवर भरले ते वगळल्याने पुसले जात नाहीत. तेव्हा त्याच संध्याकाळी अ‍ॅमेझॉनचा आणि ब्रॉडबँडचा पासवर्ड बदलायचा, आणि अ‍ॅमेझॉनमधल्या उपकरणांच्या यादीतून बंगळुरूचा टीव्ही काढायचा. तो तिला ठेवायचा असेल तर तिने विचारावं, आणि सुनेने कोड भरून पुन्हा जोडून द्यावा.